चौकटीचे पाय आणि भिंतीतलं कपाट: वाळवीविरुद्धच्या कामाच्या नोंदी

४ फेब्रुवारी

न्हाणीघराच्या दाराची कडी लागेनाशी झाली, म्हणून मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी पटाशीचा दांडा चौकटीवर वरून खाली ठोकत नेला. वर आवाज भरीव होता, जमिनीपासून हातभर उंचीवर तो पोकळ झाला. तिथे पटाशी टेकवली तर नुसत्या हाताच्या जोराने आत गेली. बाहेरून ऑइलपेंट अखंड होता, एक भेगसुद्धा नव्हती. रंगाचा पापुद्रा उचलला तेव्हा आतलं लाकूड पुस्तकाच्या पानांसारखं सुटं झालेलं दिसलं. लाकडाच्या वर्षावलयातला मऊ थर खाऊन टाकलेला, कडक थर तेवढे उभे, आणि मधल्या फटींत ओलसर माती.

ही माती महत्त्वाची आहे. लाकडात माती असेल तर वाळवी जमिनीतून आलेली आहे आणि तिचं वारूळ घराबाहेर किंवा लादीखाली आहे. माती नसून बारीक, सहा पैलू असलेले कोरडे दाणे खाली पडत असतील तर ती कोरड्या लाकडातच राहणारी वाळवी, आणि पिठासारखा भुगा पडत असेल तर भुंगेरा. या दोघांवरचे उपाय वेगळे आहेत. पुढच्या सगळ्या नोंदी जमिनीतून येणाऱ्या वाळवीच्या आहेत.

याच भिंतीला लागून पलीकडच्या खोलीत बसवलेलं कपाट आहे. त्याच्या खालच्या खणात मागच्या कोपऱ्यात बोराच्या काडीएवढी मातीची रेघ दिसली.

७ फेब्रुवारी

मिस्त्री म्हणाले, "ताई, रेघ पुसून टाका आणि रॉकेल मारा, जातील." मी तसं करू दिलं नाही. रॉकेल लागेल तेवढ्याच वाळव्या मरतात. कामकरी वाळव्या मरत असतात आणि नव्या जन्मत असतात, राणी जमिनीत सुरक्षित असते. शिवाय रेघ पूर्ण पुसली की त्या दुसरी वाट काढतात, आणि पहिली निदान आपल्याला माहीत तरी असते.

त्याऐवजी रेघेच्या मधोमध बोटभर तुकडा खरवडून काढला आणि तारीख भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवली. आज पाहिलं तर तो तुकडा ओल्या, गडद मातीने पुन्हा जोडलेला आहे. म्हणजे वाट चालू आहे. जुनी, सोडलेली रेघ फिकट आणि ठिसूळ असते व तोडली तर तशीच तुटलेली राहते. पण तुटलेली राहिली म्हणून वाळवी गेली असंही धरायचं नाही, दुसरीकडे शोधायचं.

१२ फेब्रुवारी

कपाट सोडवलं. हे काम रेटून करावं लागलं, कारण कपाटाचा सांगाडा भिंतीत लाकडी पट्ट्या ठोकून त्यांवर खिळलेला होता आणि मागची पातळ प्लाय थेट प्लास्टरला चिकटून होती. प्लाय ओढली तेव्हा भिंतीवर मातीच्या रेघांची जाळी दिसली. सगळ्या रेघा दोन ठिकाणांहून निघत होत्या: चौकटीचा डावा पाय, आणि लादीतून भिंतीत चढणारा विजेचा पाइप.

कपाटाची गोष्ट इथे नीट सांगते, कारण बऱ्याच जणांचा समज असतो की महागडी प्लाय वापरली की प्रश्न मिटला. हे कपाट पाण्यात टिकणाऱ्या प्लायचं होतं. पाण्यात टिकणं हा त्यातल्या डिंकाचा गुण आहे, थर सुटत नाहीत एवढंच. वाळवीला डिंकाशी देणंघेणं नाही, ती लाकडाचे थर खाते. प्लाय घेताना ती वाळवीरोधक प्रक्रिया केलेली आहे का, ती प्रक्रिया थरांत केली आहे की डिंकात मिसळून, हे वेगळं विचारावं लागतं. आमच्या कपाटात दारांना आणि पुढच्या फळ्यांना लॅमिनेट होतं म्हणून ती शाबूत दिसत होती. मागची बाजू आणि खालच्या कापलेल्या कडा उघड्या होत्या. वाळवी तिथूनच शिरली होती.

वाळवी या भिंतीवरच का आली, तेही आज कळलं. न्हाणीघराच्या बाजूने भिंतीतून जाणाऱ्या नळाच्या सांध्यातून पाणी झिरपत होतं. ओलावामापक प्लास्टरला लावला तर खालच्या दोन फुटांत काटा शेवटाला जात होता. वाळवीला लाकूड लागतं तितकंच पाणीही लागतं. ही गळती तशीच ठेवून पुढचं काहीही केलं असतं तर दोन पावसाळ्यांत पुन्हा हेच झालं असतं. म्हणून काम थांबवून आधी प्लंबर.

२० फेब्रुवारी

सांधा बदलून झाला. ओलं प्लास्टर खरवडून भिंत उघडी ठेवली आहे. वाळायला महिना तरी लागेल, पंखा लावून ठेवला आहे.

आज परवानाधारक माणसाने जमिनीचं काम केलं. भिंत आणि लादी जिथे मिळतात त्या ओळीने, साधारण ३०० मिमी अंतराने १२ मिमीची भोकं पाडून लादीखालच्या मातीत औषधाचं पातळ द्रावण दाबाने सोडलं आणि भोकं बंद केली. हे काम मी स्वतः केलं नाही आणि करूही नये. मात्रा औषधाच्या वेष्टनावरच्या सूचनेप्रमाणे ठेवावी लागते, आणि जवळ विहीर किंवा पाण्याची टाकी असेल तर आधी सांगावं लागतं. पाण्याचे आणि विजेचे पाइप कुठून जातात ते लादीवर खडूने आखून दिलं होतं, त्यामुळे ड्रिल कुठे अडलं नाही.

औषध कोणतं हे मात्र विचारून घेतलं. काही औषधं वाळवीला दुरूनच जाणवतात आणि ती त्यांना टाळून जाते. अशा औषधाचा पट्टा कुठेही तुटला असेल तर ती नेमकी त्या फटीतून येते. आम्ही जे घेतलं ते तिला जाणवत नाही. ती त्यातून चालत जाते, औषध अंगावर घेऊन इतरांना लावते आणि काही दिवसांनी मरते. परिणाम सावकाश दिसतो, म्हणून लगेच रेघा तपासून घाबरायचं नाही.

१ मार्च

लाकूड आणलं. चौकटीसाठी बोरॉनची दाबप्रक्रिया केलेलं लाकूड मागितलं होतं. तांबं आणि क्रोमियमबरोबर आर्सेनिक असलेल्या मिश्रणाने प्रक्रिया केलेलं हिरवट लाकूड बाहेरच्या खांबांना, कुंपणाला ठीक आहे. घरात जिथे हात लागतो तिथे मला ते नको होतं. त्याचे तुकडे जाळायचे नाहीत हेही लक्षात ठेवा, राखेत आणि धुरात आर्सेनिक येतं. बोरॉनची मर्यादा उलट आहे: ते पाण्यात विरघळतं, म्हणून पावसात किंवा मातीत टेकलेल्या लाकडातून हळूहळू धुऊन जातं. घरातल्या कोरड्या चौकटीला ते योग्य.

आता हे लाकूड खरंच प्रक्रिया केलेलं आहे का, हे कसं ओळखायचं? शिक्का आणि गुलाबी रंग यांवर विश्वास ठेवायचा नव्हता. बोरॉनची चाचणी हळदीने होते. १० ग्रॅम हळद पूड ९० ग्रॅम अल्कोहोलमध्ये भिजवून, निवळ गाळून घेतली. दुसऱ्या बाटलीत २० मिली तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल अल्कोहोल घालून १०० मिली केलं आणि त्यात विरघळेल तेवढं सॅलिसिलिक आम्ल मिसळलं. हे दुसरं द्रावण शाळेच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या ओळखीच्या बाईंनी करून दिलं. हातमोजे, चष्मा आणि उघडी हवा याशिवाय ते करू नये, आणि जवळ ज्योत नको.

लाकूड मधोमध आडवं कापलं. टोकाला चाचणी घ्यायची नाही, कारण टोकातून द्रावण रेषांच्या दिशेने खूप आतपर्यंत शिरलेलं असतं आणि टोक नेहमीच उत्तीर्ण होतं. टोकापासून हातभर तरी आत कापायचं. कापलेली बाजू कोरडी आणि गुळगुळीत केली, भुसा झटकला, हळदीचं पाणी फवारलं, चार-पाच मिनिटं वाळू दिलं आणि मग दुसरं द्रावण. जिथे बोरॉन आहे तिथे पिवळा रंग लाल होतो.

बहुतेक तुकड्यांत गाभ्याबाहेरचा फिकट भाग पूर्ण लाल झाला आणि गाभ्यात फक्त काठावर तीन-चार मिलीमीटरची लाल किनार आली. हे अपेक्षितच आहे, गाभा द्रावण पिऊ शकत नाही. पण दोन लांब तुकडे आरपार पिवळेच राहिले. वर गुलाबी रंग होता, आत काही नव्हतं. कापलेला तुकडा आणि चाचणीचा फोटो दाखवल्यावर दुकानदाराने ते बदलून दिले, पण त्यात आठवडा गेला. ज्यांना ही चाचणी करणं शक्य नाही त्यांनी निदान मधोमध कापून फिकट भाग किती आणि गाभा किती हे पाहावं. ज्या जातीचा गाभा मुळात टिकाऊ आहे तिच्याही फिकट भागाला वाळवी लागते. सागालाही हे लागू आहे. "सागाची चौकट आहे, काही होत नाही" हे सांगणाऱ्याने त्या चौकटीत फिकट पट्टा किती होता ते पाहिलेलं नसतं.

९ मार्च

मिस्त्रींनी चौकट कापली, खाचा आणि जोड केले. इथे सगळ्या प्रक्रिया केलेल्या लाकडाचा कच्चा दुवा आहे. बोरॉनची किनार गाभ्यावर जेमतेम काही मिलीमीटर असते. करवत चालवली, रंधा मारला, बिजागरीची खाच काढली की खाली प्रक्रिया न झालेलं लाकूड उघडं पडतं. आणि सर्वांत वाईट म्हणजे पायाचं कापलेलं टोक, जे जमिनीकडे तोंड करून बसणार. म्हणून प्रत्येक कापलेल्या जागी पुन्हा द्रावण द्यायचं ठरलं होतं.

द्रावण असं केलं: ९ लिटर पाण्यात ६०० ग्रॅम बोरॅक्स आणि ४०० ग्रॅम बोरिक आम्ल. दोन्ही एकत्र असली तरच इतकं विरघळतं, एकटं कुठलंही थंड पाण्यात याच्या निम्म्याच्या आसपास थांबतं. पाणी हाताला चांगलं गरम लागेल इतकं तापवून ढवळत राहिलं तर ते स्वच्छ होतं. हातमोजे घातले, भांडं स्वयंपाकाचं घेतलं नाही आणि मुलांना त्या खोलीत येऊ दिलं नाही. बोरॉनची ही क्षारं पोटात जाणं वाईट.

चौकटीचे दोन्ही पाय बादलीत वीतभर बुडतील असे रात्रभर उभे ठेवले. खाचा आणि जोडांना ब्रशने भरपूर, दोनदा.

१० मार्च

सकाळी बादलीच्या तळाशी पांढरे खडे जमले होते. दहा टक्के द्रावण खोलीच्या तापमानाला काठावर असतं, रात्री गारठा पडला आणि क्षार खाली बसला. म्हणजे वर उरलेलं पाणी पातळ झालं आणि पाय त्या पातळ पाण्यात उभे होते. द्रावण पुन्हा तापवलं, खडे विरघळले, पाय परत बुडवले आणि बादलीला जुनी गोधडी गुंडाळली. ज्यांना बादली गरम ठेवणं जमणार नाही त्यांनी क्षार थोडा कमी करून दोनदा बुडवावं, ते जास्त भरवशाचं आहे.

संध्याकाळी पाय बाहेर काढून प्लास्टिकमध्ये घट्ट बांधले. हे आवश्यक आहे. बोरॉन लाकडात पुढे सरकतं ते आतल्या ओलाव्यातून, कोरड्या लाकडात ते जिथे आहे तिथेच थांबतं. लगेच उन्हात वाळवलं तर सगळं वरच्या थरातच राहतं.

१८ मार्च

प्लास्टिक सोडलं. बरोबर बुडवलेल्या एका फालतू तुकड्यावर हळदीची चाचणी केली: कापलेल्या टोकापासून वर बोटभर अंतरावर कापलं तरी छेद लाल होता, तर नुसता ब्रश मारलेल्या बाजूंवर लाल रेघ दोन मिलीमीटरसुद्धा नव्हती. ब्रशने काय होतं आणि बुडवल्याने काय होतं, याचा फरक यापेक्षा स्पष्ट दिसणार नाही. वेळ नसेल तर बाकी सगळं सोडा, पण पाय बुडवा.

चौकट सावलीत आडवी ठेवली आहे, वारा लागेल अशी.

२९ मार्च

ओलावामापक वरच्या भागात १३ टक्के दाखवतो, पायांत अजून १९. रंगाऱ्याला घाई होती, त्याने उजव्या पायाला प्रायमर लावूनही टाकला. आज तिथे नखाएवढे फुगे आले आहेत. शिवाय पृष्ठभागावर क्षाराची पांढरी पावडर उमटली होती, तीवर रंग धरत नाही. प्रायमर खरवडला, कोमट पाण्याच्या फडक्याने पावडर पुसली आणि पायांना आणखी वेळ दिला.

७ एप्रिल

पाय १४ टक्क्यांवर आले. दोन हात प्रायमर, कापलेल्या टोकाला तीन. रंग वाळवीला थांबवत नाही. जुन्या चौकटीवरचा रंग अखंड राहून आतलं लाकूड गेलं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. इथे रंगाचं काम एवढंच की न्हाणीघरातलं पाणी लाकडात जाऊ नये आणि बोरॉन धुऊन निघू नये.

चौकटीच्या भिंतीकडच्या बाजूला मिस्त्रींनी डांबर लावायचं म्हटलं, ते मी लावू दिलं. ओल्या मालापासून लाकूड वाचतं. पण वाळवी डांबरावरून मातीची रेघ बांधून सहज जाते, म्हणून त्याला अडथळा म्हणून मोजलेलं नाही.

११ एप्रिल

चौकट बसवण्याआधी विजेच्या पाइपचं काम केलं. लादीतून जिथे पाइप वर येतो तिथे सिमेंट आकसून बारीक फट पडली होती, जेमतेम एक मिलीमीटर. वाळवीला तेवढी पुरते. पाइपभोवतीचा माल फोडला, स्टेनलेस स्टीलच्या बारीक जाळीची कॉलर पाइपला घट्ट क्लॅम्पने आवळली आणि तिची झालर नव्या मालात सर्व बाजूंनी दाबून टाकली. जाळीचं भोक अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास हवं, म्हणजे कामकरी वाळवीचं डोकं त्यातून जात नाही. डासांची जाळी चालत नाही, तिची भोकं मोठी असतात. साधी लोखंडी जाळी मालात गंजून जाते. कॉलर आणि पाइप यांच्यामध्ये टाचणी जाईल एवढीही जागा उरली तर सगळं व्यर्थ, म्हणून क्लॅम्प आवळल्यावर टाचणी फिरवून पाहिली.

कुणी फटीत फुगणारा फोम भरायला सांगेल. भरू नका. वाळवी फोम पोखरून त्यातून बोगदा करते, वर तो आतून दिसतही नाही.

१२ एप्रिल

आज चौकट उभी केली. या सगळ्या कामातली मुख्य कल्पना इथे आहे. जुनी चौकट लादीच्या आत दोन इंच मालात रुतवलेली होती. कापलेलं टोक जमिनीत, सगळीकडून झाकलेलं, आणि वाळवी मालाच्या भेगेतून थेट टोकात. बाहेर एकही रेघ न दाखवता ती हातभर वर चढली. नव्या चौकटीचे पाय लादीच्या वर १५ मिमी थांबवले आणि स्टेनलेस स्टीलच्या चपलेत बसवले. चपलेचा पत्रा पायापेक्षा सर्व बाजूंनी थोडा बाहेर येतो. वजन भिंतीतल्या लोखंडी होल्डफास्टवर आहे.

हा पत्रा वाळवीला मारत नाही, अडवतही नाही. त्याला वळसा घालून ती चढू शकते. पण चढायचं असेल तर तिला पत्र्याच्या बाहेरून, उजेडात, मातीची रेघ बांधावी लागेल, आणि ती रेघ मला दिसेल. लाकडातलं बोरॉन, जमिनीतलं औषध, पत्रा, जाळी यांतलं एकेकटं काहीही पुरेसं नाही. जिथून ती लपून येऊ शकते अशा वाटा बंद करायच्या आणि जी उरते ती डोळ्यासमोर ठेवायची, असं ठरवून प्रत्येक जोड केला.

१३ एप्रिल

सकाळी पाहते तर गवंड्याने दोन्ही पायांखालची १५ मिमीची फट पांढऱ्या सिमेंटने सुबक भरून टाकली होती. "फट राहिली होती, भरून दिली," तो म्हणाला. त्याच्या दृष्टीने ते अर्धवट काम होतं. माल अजून कच्चा होता, पटाशीने आणि जुन्या करवतीच्या पात्याने दुपारपर्यंत काढला. तीन तास आणि एका पायाचा रंग गेला. तुम्ही असं काही करणार असाल तर गवंड्याला आधी सांगा आणि फटीत लाकडी पाचर घालून वर कागद चिकटवा: "भरायची नाही."

पलीकडच्या खोलीची चौकट शाबूत आहे, ठोकून, टोचून पाहिली. ती काढली नाही. तिच्या पायात जमिनीलगत तिरकी भोकं पाडून बोरॉनच्या कांड्या घातल्या आणि लाकडी गुट्ट्यांनी बंद केल्या. काचेसारख्या या कांड्या कोरड्या लाकडात तशाच पडून राहतात. लाकूड ओलं झालं की विरघळतात, म्हणजे धोका असतो तेव्हाच. रुतलेला पाय मात्र रुतलेलाच आहे, ही उणीव मला मान्य करावी लागली.

२६ एप्रिल

भिंत कोरडी झाली, प्लास्टर झालं. कपाट. इथे जास्त काही शोधावं लागलं नाही, चौकटीचाच विचार पुढे नेला.

कपाट भिंतीला चिकटवलं नाही. धातूच्या ब्रॅकेटवर, मागे एक इंच मोकळी जागा ठेवून अडकवलं. खाली लाकडी बैठक नाही, फिरवून उंची बदलणारे धातूचे पाय, चार इंचांचे. समोरची स्कर्टिंग फळी क्लिपवर आहे, ओढली की निघते, टॉर्च घालून भिंतीपर्यंत सगळं दिसतं. प्लाय या वेळी थरांतच प्रक्रिया केलेली घेतली. तरीही प्रत्येक कापलेली कड, बिजागरीची वाटी, स्क्रूचं भोक यांना बोरॉनचं द्रावण आणि वाळल्यावर पॉलिश किंवा लिपिंग, म्हणजे कड झाकणारी लाकडाची पातळ पट्टी. मागच्या बाजूलाही पॉलिश दिलं. मिस्त्रींना ते फुकटचं काम वाटलं, पण जुनं कपाट मागूनच गेलं होतं.

पार्टिकल बोर्डचे खण स्वस्त पडले असते. ते घेतले नाहीत, कारण ओल लागली की तो फुगतो, कडा फुटतात आणि वाळवीला तयार भुसाच मिळतो.

अडचण एकच आली. कपाट आणि भिंतीमधल्या इंचभर फटीत वस्तू पडतात, आणि वरून ती दिसायला चांगली नाही. वर धातूची सुटी पट्टी ठेवली, खिळली नाही. पुठ्ठ्याची खोकी कपाटामागे किंवा खाली सरकवायची नाहीत असं घरात सांगून ठेवलं. पुठ्ठा भिंतीला टेकला की तो पूल होतो आणि वाळवीला तो लाकडाइतकाच आवडतो.

३ मे, खर्चाची नोंद

आकडे देत नाही, ते जागेप्रमाणे बदलतील. पण वाटे सांगते. सर्वांत जास्त गेलं ते तोडफोड, प्लास्टर आणि लादी परत बसवण्यात. त्याखालोखाल प्लाय. बोरॅक्स आणि बोरिक आम्ल, हळद, जाळी, चपला हे सगळं मिळून एकूण खर्चाचा अगदी छोटा भाग होता. म्हणजे हेच काम घर बांधताना किंवा चौकट पहिल्यांदा बसवताना केलं असतं तर जवळजवळ सगळा खर्च वाचला असता. वेळ सर्वांत जास्त गेला तो वाळण्यात: आधी भिंत, मग लाकूड. त्याला जवळचा रस्ता सापडला नाही.

२८ जून

पहिल्या पावसानंतर खिडकीत पंखांचा खच पडला. चारही पंख सारख्या लांबीचे, म्हणजे वाळवीचेच, मुंगीचे नव्हेत. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतात. पंख दिसले म्हणून घरात शिरल्या असं होत नाही, दिव्याला बाहेरूनही येतात. तरी स्कर्टिंग काढून भिंत पाहिली. स्वच्छ.

१७ ऑगस्ट

डाव्या पायाच्या चपलेवर मातीची रेघ. लादीच्या सांध्यातून निघून पत्र्याच्या कडेपर्यंत आलेली, लांबी करंगळीएवढी, गडद आणि ओली. पत्र्याच्या वर, लाकडावर काही नाही. ठोकलं तर आवाज भरीव आहे.

रेघ तशीच ठेवून फोटो काढला आणि जमिनीचं काम केलेल्या माणसाला बोलावलं. त्याने त्या सांध्याजवळ टोचून पाहिलं तेव्हा लादीखाली पोकळी असल्याचं दिसलं. फेब्रुवारीत तिथलं औषध पोकळीतून खाली उतरून गेलं होतं आणि वरच्या मातीला लागलंच नव्हतं. सांध्याच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडून पोकळी माती व मालाने भरली आणि भोवतीच्या मातीत पुन्हा औषध सोडलं.

३१ ऑगस्ट

रेघेचा मधला तुकडा तोडून ठेवला होता. तो जोडलेला नाही, माती फिकी पडून गळते आहे. उरलेली रेघ आज पुसली, चपलेखाली आरसा धरून टॉर्चने पाहिलं. फट मोकळी आहे. महिन्यातून एकदा दोन्ही चपला, पाइपची कॉलर आणि कपाटामागची भिंत पाहायची, अशी यादी करून स्कर्टिंगच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे. कांड्या घातलेली जुनी चौकट त्या यादीत सर्वांत वर आहे, कारण तिचा पाय दिसत नाही.